डॉक्टरांनी सांगितलेली सक्तीची विश्रांती प्रसूती रजेतून कापली जाऊ नये, यासाठी रजा कशी मागावी

गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रक्तस्राव होणे, रक्तदाब वाढणे, वार गर्भाशयाच्या मुखावर असल्याचे सोनोग्राफीत दिसणे किंवा वेळेआधी कळा येण्याची चिन्हे दिसणे, अशा कारणांनी डॉक्टर कामावर जाणे थांबवायला सांगतात. ही सूचना बहुधा एखाद्या तपासणीत अचानक मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यालयात जायचे नसते. अशा घाईत एचआर विभागाला फोन केला की तिकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येते: "मग तुमची मॅटर्निटी लीव्ह आजपासूनच सुरू करून टाकू." हे उत्तर सोयीचे वाटते आणि पगारही चालू राहतो, म्हणून अनेक जणी होकार देतात. प्रसूतीनंतर बाळ साडेतीन महिन्यांचे असतानाच कामावर परतण्याची वेळ येते, तेव्हा त्या होकाराची किंमत कळते.

हा लेख भारतातील खाजगी क्षेत्रात, दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी प्रामुख्याने लिहिला आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येणाऱ्या आणि सरकारी नोकरीतील स्त्रियांसाठी जे वेगळे आहे, ते पुढे थोडक्यात दिले आहे.

कायद्याने दिलेली वेगळी रजा

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाल्यापासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित प्रसूतीच्या तारखेच्या आधी घेता येतात. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर ही मुदत १२ आठवडे आणि आधीची कमाल मर्यादा ६ आठवडे होते. येथे "जास्तीत जास्त" या शब्दांकडे लक्ष द्यावे. ८ आठवडे आधी घेतलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. रजा कोणत्या तारखेपासून घ्यायची, हे स्त्रीने लेखी सूचनेद्वारे कळवायचे असते. उलट, त्या ८ आठवड्यांहूनही आधीचे दिवस प्रसूती रजेत धरण्याची तरतूदच नाही. त्यामुळे एकोणतिसाव्या आठवड्यात विश्रांती सुरू झाली आणि कंपनीने त्याच दिवसापासून प्रसूती रजा लावली, तर ती नोंद कायद्याला धरून नाही.

याच अधिनियमाच्या कलम १० मध्ये आणखी एक रजा आहे, आणि या लेखाचा गाभा तीच आहे. गर्भारपण, प्रसूती, अकाली जन्म, गर्भपात यांतून उद्भवलेल्या आजारासाठी, आवश्यक तो पुरावा दिल्यावर, प्रसूती रजेच्या व्यतिरिक्त जास्तीत जास्त एक महिन्याची रजा प्रसूती लाभाच्याच दराने, म्हणजे पगारी मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून तिच्या कलम ६५ मध्ये हीच तरतूद कायम ठेवली आहे. एचआर विभागातील माणसे अजूनही जुन्या कायद्याचे नाव घेताना आढळतात. त्यावर वाद घालण्याची गरज नाही, कारण हक्क तोच आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करावा, म्हणजे प्रश्न मिटतो.

या तरतुदीबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे, तो असा की ही एक महिन्याची रजा फक्त बाळंतपणानंतर, २६ आठवडे संपल्यावर, तब्येत बिघडलेली असेल तरच मिळते. कलमात असा क्रम लिहिलेला नाही. "गर्भारपणातून उद्भवलेला आजार" हे शब्द त्यात सर्वांत आधी येतात आणि असा आजार प्रसूतीपूर्वीच होतो. एखादा अधिकारी "ही रजा नंतरची आहे" असे म्हणाला, तर त्याला कलम वाचून दाखवावे आणि नकार लेखी मागावा. माझ्या अनुभवात नकार लेखी द्यायची वेळ आली की बरेच जण कायदा पुन्हा एकदा उघडून पाहतात.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ही रजा कमाल एक महिन्याची आहे, म्हणून विश्रांती अडीच महिन्यांची असेल तर उरलेले दिवस सिक लीव्ह, अर्जित रजा, घरून काम किंवा बिनपगारी रजा यांनी भरून काढावे लागतात. त्याचे नियोजन पहिल्याच आठवड्यात करावे.

पहिली पायरी: प्रमाणपत्र नीट लिहून घ्या

अर्ज फेटाळला जाण्याचे सर्वांत मोठे कारण कायदा नसून डॉक्टरांची चिठ्ठी असते. प्रिस्क्रिप्शनच्या कोपऱ्यात "विश्रांती घ्यावी" एवढेच लिहिलेले असेल, तर तो सल्ला आजारासाठी आहे की शेवटच्या महिन्यांतील नेहमीच्या थकव्यासाठी, हे कोणालाही ठरवता येत नाही. कलम १० आजाराबद्दल बोलते आणि सामान्य गर्भारपण हा आजार नव्हे. म्हणून प्रमाणपत्रात निदान आणि ते गर्भारपणातून उद्भवले आहे हा संबंध, दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत.

डॉक्टरांना लेटरहेडवर वेगळे प्रमाणपत्र मागावे आणि त्यात पुढील बाबी असाव्यात: तुमचे नाव, तपासणीची तारीख, त्या दिवशी गर्भारपणाचे किती आठवडे पूर्ण झाले, अपेक्षित प्रसूतीची तारीख, निदान, "ही गर्भारपणातून उद्भवलेली गुंतागुंत आहे" असे स्पष्ट वाक्य, विश्रांती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पुढील तपासणी कधी, आणि डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक. निदान उघड करण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. "वार गर्भाशयाच्या मुखाजवळ असल्याने रक्तस्राव" किंवा "गर्भारपणातील उच्च रक्तदाब" एवढे लिहिले तरी पुरते. संपूर्ण फाइल, सोनोग्राफीची चित्रे, आधीच्या गर्भारपणाचा इतिहास कंपनीला द्यायची गरज नाही.

"प्रसूतीपर्यंत विश्रांती" असे मोघम लिहून घेण्याचा मोह टाळावा. दोन ते तीन आठवड्यांची निश्चित मुदत आणि मग तपासणीनंतर नवे प्रमाणपत्र, ही पद्धत जास्त टिकते. याला वैद्यकीय कारणही आहे. वार खाली असल्याचे एकोणतिसाव्या आठवड्यात दिसले तरी गर्भाशय वाढत जाते तशी ती पुष्कळदा वर सरकते, म्हणून बत्तीस ते छत्तीस आठवड्यांदरम्यान पुन्हा सोनोग्राफी करतात. त्यानंतर डॉक्टरांचा सल्ला बदलू शकतो आणि प्रमाणपत्र त्या बदलाबरोबर चालले पाहिजे.

आणखी एक बाब डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावी. दिवसभर पलंगावर पडून राहण्याने अकाली प्रसूती टळते, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही आणि फार काळ न हलल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. म्हणून अनेक प्रसूतितज्ज्ञ आता "पूर्ण बेड रेस्ट" ऐवजी "प्रवास, जड उचलणे आणि दीर्घ काळ उभे राहणे टाळावे" असे लिहितात. यामुळे रजेचा मुद्दा कमजोर होत नाही, कारण रोज दोन तासांचा प्रवास आणि आठ तास बसणे अशी नोकरी त्या निर्बंधात बसतच नाही. मात्र प्रमाणपत्रात निर्बंध आणि "कामावर हजर राहण्यास असमर्थ" हा निष्कर्ष, दोन्ही लिहिलेले असावेत. केवळ निर्बंध लिहिले, तर कंपनी "घरून काम करा" असे म्हणू शकते आणि ते म्हणणे अगदीच अवाजवी ठरणार नाही.

दुसरी पायरी: त्याच दिवशी लेखी कळवा, प्रसूती रजा न मागता

फोनवर कळवणे ठीक आहे, पण त्याच दिवशी ईमेलही पाठवावा. फोनवर दिलेला होकार नंतर कोणाला आठवत नाही, ईमेल मात्र शिल्लक राहतो. ईमेल पाठवायची ताकद नसेल तर घरातल्या कोणाला तुमच्या खात्यावरून पाठवायला सांगावे. मजकूर साधारण असा असावा:

"माननीय महोदय/महोदया,

माझी अपेक्षित प्रसूतीची तारीख २७ जुलै २०२६ आहे. ११ मे २०२६ रोजीच्या तपासणीत गर्भारपणातून उद्भवलेल्या आजाराचे निदान झाले असून डॉक्टरांनी मला ११ मे ते ३१ मे २०२६ या काळात कामावर हजर न राहण्याचा सल्ला दिला आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. पुढील तपासणीनंतर मुदत वाढल्यास नवे प्रमाणपत्र सादर करीन.

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ च्या कलम १० नुसार व सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६५ नुसार, गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी देय असलेली पगारी रजा ११ मे २०२६ पासून मंजूर करावी, ही विनंती. हा अर्ज प्रसूती रजेसाठी नाही. प्रसूती रजा कोणत्या तारखेपासून घेणार, याची सूचना मी स्वतंत्रपणे देईन.

या रजेची नोंद कोणत्या शीर्षाखाली झाली, हे कृपया लेखी कळवावे."

शेवटची दोन वाक्ये कधीही गाळू नयेत. पहिल्याने प्रसूती रजा सुरू करण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो आणि दुसऱ्याने कंपनीला नोंद तपासावी लागते. "मॅटर्निटी", "डिलिव्हरी लीव्ह" असे शब्द विषयात किंवा गप्पांच्या ओघात आले, तर संगणकातील रजेच्या नोंदीत कारकून तेच शीर्ष निवडतो. ती चूक महिन्याच्या पगारपत्रकानंतर दुरुस्त करणे फार कटकटीचे होते. म्हणून उत्तर आल्यावर, आणि त्यानंतर प्रत्येक महिन्याला, रजेच्या पोर्टलवर जाऊन शिल्लक तपासावी. २६ आठवड्यांच्या, म्हणजे १८२ दिवसांच्या शिल्लकेतून एक दिवसही कमी झालेला दिसला, तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी.

तिसरी पायरी: दिवसांचा हिशेब कागदावर मांडा

वरच्या पत्रातील उदाहरण पुढे चालवू. एका खाजगी कार्यालयाच्या लेखा विभागात काम करणारी स्त्री आहे. आठवड्यात पाच दिवस काम, पहिले बाळ, सिक लीव्ह १० दिवस आणि अर्जित रजा १८ दिवस शिल्लक. ११ मे रोजी, सोमवारी, तिचे २९ आठवडे पूर्ण झाले आहेत आणि अपेक्षित तारखेला ११ आठवडे, म्हणजे ७७ दिवस बाकी आहेत. ८ आठवड्यांची सीमा १ जूनला येते. त्यामुळे ११ ते ३१ मे हे दिवस प्रसूती रजेत बसतच नाहीत, आणि १ जूननंतरचे दिवस तिने ठरवले तरच बसतात.

तिने कलम १० ची एक महिन्याची रजा ११ मे ते १० जून घेतली. मधल्या तपासणीत विश्रांतीची मुदत वाढल्याने नवे प्रमाणपत्र जोडले. ११ जूनपासून १० दिवसांची सिक लीव्ह लावली, ती शनिवार-रविवार वगळून २४ जूनला संपली. २५ जूनपासून १८ दिवसांची अर्जित रजा २० जुलैपर्यंत पुरली. उरलेल्या आठवड्यासाठी चार दिवस बिनपगारी रजा घ्यायची की प्रसूती रजा सुरू करायची, हा प्रश्न होता. तिने २१ जुलैपासून प्रसूती रजा घेतली. १८२ दिवस मोजले तर ती १८ जानेवारी २०२७ पर्यंत जाते. बाळ २७ जुलैला जन्मले असे धरले, तर त्या दिवशी ते जवळजवळ सहा महिन्यांचे असेल. एचआरच्या म्हणण्याप्रमाणे ११ मेपासूनच प्रसूती रजा लावली असती, तर ती ८ नोव्हेंबरला संपली असती. फरक ७१ दिवसांचा आहे.

या हिशेबात दोन ठिकाणी अडखळायला होते. एक म्हणजे काही कंपन्या रजेच्या मधल्या सुट्ट्याही रजेतच मोजतात. तसे असेल तर २८ दिवसांची रजा चार आठवडेच पुरेल, म्हणून सेवानियमांतील तो परिच्छेद आधी वाचावा. दुसरे म्हणजे सिक लीव्ह प्रत्येक कंपनीत असतेच असे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आहे, तीही ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा मात्र कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

कोणती रजा आधी वापरावी, याबद्दल मतभेद आहेत. काही जणी कायद्याची एक महिन्याची रजा बाळंतपणानंतरच्या अडचणींसाठी राखून ठेवतात. माझे मत वेगळे आहे. ती रजा फक्त आजार असतानाच मिळते आणि आजार आत्ता प्रमाणपत्रासह सिद्ध आहे, तेव्हा ती आत्ताच वापरावी. अर्जित रजेला आजाराची अट नसते, त्यामुळे प्रसूती लवकर झाली आणि ती वापरायची राहिली, तर प्रसूती रजेच्या शेवटाला जोडून बाळाबरोबर आणखी काही दिवस मिळू शकतात. शिवाय कायदा एक महिन्याची कमाल मर्यादा सांगतो, ती एकाच सलग तुकड्यात घ्यावी असे सांगत नाही. वीस दिवसांनंतर प्रसूती झाली, तर उरलेले दिवस टाक्यांना संसर्ग होणे किंवा अकाली जन्मातून आलेला तुमचा आजार अशा कारणांसाठी पुन्हा मागता येतात. मात्र तुमच्या सिझेरियनची शक्यता जास्त असेल आणि अर्जित रजा भरपूर शिल्लक असेल, तर उलट क्रमही शहाणपणाचा ठरू शकतो.

उदाहरणातील बाळ ३ जुलैलाच जन्मले असते तर काय झाले असते? त्या दिवशी चालू असलेली अर्जित रजा तिथेच थांबते आणि प्रसूती रजा ३ जुलैपासून, प्रसूतीचा दिवस धरून, १८२ दिवस मिळते. त्यासाठी दवाखान्यातून निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड घ्यावे आणि प्रसूतीची तारीख कळवणारा ईमेल पाठवून "न वापरलेली अर्जित रजा खात्यात परत जमा करावी" असे त्यात लिहावे. ही परत जमा करण्याची नोंद आपोआप होत नाही. ती मागून घ्यावी लागते.

घरून काम: कधी हो म्हणावे

डॉक्टरांनी केवळ प्रवास आणि उभे राहणे टाळायला सांगितले असेल आणि तुमचे काम संगणकावरचे असेल, तर काही आठवडे घरून काम करणे हा रजा वाचवण्याचा चांगला मार्ग आहे. त्यासाठी प्रमाणपत्रात "घरी बसून मर्यादित तास काम करता येईल" असे लिहून घ्यावे आणि तासही ठरवून घ्यावेत. पण एकाच काळासाठी "कामास असमर्थ" असे प्रमाणपत्र आणि रोज येणारे कामाचे ईमेल, हे दोन्ही एकत्र असू नयेत. प्रसूती लाभाच्या कायद्यात अशी तरतूद आहे की मंजूर रजेच्या काळात स्त्रीने एखाद्या आस्थापनेत काम केले, तर त्या काळाच्या लाभावरील तिचा हक्क जातो. म्हणून रजेचे दिवस पूर्णपणे रजेचे ठेवावेत आणि घरून कामाचे दिवस वेगळे दाखवावेत. सहकाऱ्याने फोन करून एखादी माहिती विचारली तर सांगायला हरकत नाही, पण "तेवढी एक फाइल बघून दे" या विनंतीला नम्रपणे नकार द्यावा.

नुकती नोकरी लागली असेल तर

प्रसूती लाभासाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. वर्ष-दोन वर्षे नोकरीत असलेल्या स्त्रीला या अटीचा विचारही करावा लागत नाही. पण एखादी २ मार्चला रुजू झाली आणि ११ मेपासून विश्रांतीवर गेली, तर सुट्ट्यांसकट सगळे दिवस मोजले तरी ते ७० होतात. तिच्या बाबतीत बिनपगारी रजेत सरळ निघून जाणे धोक्याचे आहे, कारण त्यामुळे पूर्ण प्रसूती लाभच हातचा जाऊ शकतो. डॉक्टरांची परवानगी असेल तर मर्यादित तासांचे घरून काम हाच तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. त्या दिवसांची हजेरी पोर्टलवर नोंदली जात आहे ना, हे तिने रोज पाहावे.

बिनपगारी रजेचा आणखी एक परिणाम पगाराच्या हिशेबात दिसतो. प्रसूती लाभाचा दर म्हणजे प्रसूतीनिमित्त गैरहजेरी सुरू होण्याच्या लगतच्या आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत तुम्ही प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या वेतनाची सरासरी. "काम केलेल्या दिवसांची" हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीन महिन्यांतील एक महिना बिनपगारी गेला, म्हणून मिळालेल्या एकूण रकमेला नव्वदने भागून दर काढला, तर तो एकतृतीयांशाने कमी येतो आणि तसे भागणे चूक आहे. प्रसूती रजेतील पहिले पगारपत्रक आल्यावर आपला नेहमीचा दैनिक दर आणि दिलेला दर शेजारी ठेवून पाहावेत. फरक दिसला तर हिशेबाची पद्धत लेखी विचारावी.

राज्य विमा योजना आणि सरकारी नोकरी

महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर लाभ कंपनी देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. तिथेही २६ आठवड्यांशिवाय गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिना मिळतो. फरक प्रमाणपत्राचा आहे. खाजगी प्रसूतितज्ज्ञांचा कागद तिथे थेट चालत नाही, तर विमा दवाखान्यातील किंवा योजनेच्या नोंदणीकृत डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणून उपचार बाहेर चालू असले, तरी विश्रांती सुरू झाल्याच्या दिवसांतच विमा दवाखान्यात कागदपत्रे दाखवून नोंद करून घ्यावी.

केंद्र आणि महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना प्रसूती रजा १८० दिवसांची आहे आणि ती इतर रजांना जोडून घेता येते. विश्रांतीच्या काळासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मागावी. पूर्ण पगारावर मिळणाऱ्या या रजेच्या प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दोन दिवस कमी होतात. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते, त्यामुळे दहा वर्षे सेवा झालेल्या आणि ती रजा फारशी न वापरलेल्या शिक्षिकेला किंवा लिपिकेला अडीच महिन्यांची विश्रांतीही तेवढ्याच खात्यातून भागवता येते. अर्ज विहित नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्रासह करावा आणि "परिवर्तित रजा, तिला जोडून प्रसूती रजा" असे दोन्ही काळ त्यात वेगवेगळे दाखवावेत.

नकार आला तर

प्रथम नकार लेखी मागावा आणि त्यावर कंपनीतील वरिष्ठ अधिकाऱ्याला, जुने ईमेल जोडून, एक मुद्देसूद पत्र द्यावे. बहुतेक प्रकरणे इथेच सुटतात, कारण खालच्या पातळीवर तरतूद ठाऊक नसणे हीच अडचण असते. सात-आठ दिवसांत उत्तर आले नाही, तर आपल्या जिल्ह्यातील कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करावी. सोबत प्रमाणपत्रांच्या प्रती, पाठवलेले ईमेल, रजेच्या पोर्टलवरील नोंदीची छायाचित्रे आणि नेमणुकीचे पत्र द्यावे. तक्रार पतीने किंवा आईवडिलांनी तुमच्या सहीच्या अधिकारपत्रासह नेऊन दिली तरी चालते का, हे त्या कार्यालयात फोन करून आधी विचारून घ्यावे, म्हणजे विश्रांतीच्या काळात तुम्हाला प्रवास करावा लागणार नाही.

कायद्याने मिळालेल्या रजेवर असताना कामावरून काढणे, त्या काळात संपेल अशी नोटीस देणे किंवा सेवेच्या अटी तुमच्या तोट्याच्या करणे बेकायदेशीर आहे. तसा आदेश हातात पडला तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. हे दिवस बहुधा नेमके बाळंतपणाच्या आसपास येतात, म्हणून पाकिटावरील किंवा ईमेलवरील तारीख त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाला लिहून ठेवायला सांगावी आणि राजीनामा मागणाऱ्या कोणत्याही कागदावर, तो कितीही गोड शब्दांत पुढे केलेला असला, तरी सही करू नये.